कार्डावरचा सिनिअर

माझ्या टेबलाच्या खणात चार व्हिजिटिंग कार्डे पडून आहेत. चारही एकाच माणसाची. नऊ वर्षांत त्याने जळगाव आणि धुळे मिळून चार सलूनमध्ये काम केले. पहिल्या कार्डावर तो ‘हेअर स्टायलिस्ट’ आहे, दुसऱ्यावर ‘सिनिअर स्टायलिस्ट’, तिसऱ्यावर ‘सिनिअर क्रिएटिव्ह स्टायलिस्ट’. चौथे कार्ड जाड, सोनेरी कडांचे आहे आणि त्यावर ‘हेड स्टायलिस्ट’ असे छापले आहे. मी त्याला विचारले, “पगार कसा वाढत गेला?” तो हसला. चारही ठिकाणी तो चाळीस टक्क्यांवर होता. पहिल्या दिवशी चाळीस आणि हेड झाल्यावरही चाळीस. वाढला तो फक्त कार्डाचा कागद.

हा लेख त्या कार्डांविरुद्ध आहे. मी स्वतः नाभिक आहे, धुळ्यात वडिलांच्या दुकानात कात्री धरायला शिकलो, जळगावात इतरांकडे नोकरी केली आणि आता चार खुर्च्यांचे सलून चालवतो. म्हणजे ज्या मालकांवर मी टीका करणार आहे, त्यांत मीही आलो. पहिली आठ वर्षे मी माझ्या कारागिरांना टक्केवारीवरच ठेवले होते. ते चूक होते हे मला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. माझा सर्वात चांगला पोऱ्या मला सोडून सुरतेला गेला, तेव्हा ते कळायला लागले.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या धंद्यात ज्युनिअर, सिनिअर आणि हेड हे शब्द आले, पण त्या शब्दांच्या मागे पायऱ्या आल्या नाहीत. कोणत्या पायरीवर काय यायला हवे, ते येते हे कोणी तपासायचे आणि आल्यावर पगार किती, या तीन गोष्टी भिंतीवर लिहिलेल्या नसतील तर ती पदे खोटी आहेत. आणि त्यांचा तोटा फक्त कारागिराला होत नाही. तो गिऱ्हाइकाच्या डोक्यावर होतो, अगदी शब्दशः.

टक्केवारी आणि उचल

ज्यांनी सलून फक्त आरशासमोरच्या खुर्चीतून पाहिले आहे त्यांच्यासाठी आधी व्यवहार सांगतो. गावाकडून पंधरा-सोळा वर्षांचा पोऱ्या येतो. तो झाडतो, टॉवेल धुतो, चहा आणतो, डोकी धुतो. त्याला खर्चाला म्हणून थोडे पैसे मिळतात. दोन-तीन वर्षे पाहून पाहून तो शिकतो, आणि एखाद्या रविवारी गर्दी झाली की मालक म्हणतो, “घे, याची दाढी कर.” त्या दिवशी तो कारागीर होतो. परीक्षा म्हणाल तर तेवढीच.

मग टक्केवारी ठरते. त्याच्या हातून जितके बिल होईल त्याचे चाळीस किंवा पन्नास टक्के त्याचे. ऐकायला हे न्याय्य वाटते, काम करेल तो कमवेल. पण खान्देशातले बिल कारागिराच्या हाताइतकेच पंचांगावर चालते. एप्रिल-मेच्या लगीनसराईत नवरदेव, त्याचे भाऊ, मामा, मित्र सगळे खुर्चीत असतात. श्रावणात कितीतरी लोक केस-दाढीला हात लावत नाहीत. त्यानंतर पितृपक्षात पुन्हा तेच. कारागिराचा हात श्रावणात खराब होत नाही, पण त्याची कमाई निम्म्यावर येते. टक्केवारीचा खरा अर्थ असा की धंद्यातल्या मंदीची जोखीम दुकान ज्याचे आहे त्याने न घेता ज्याच्याकडे फक्त कात्री आहे त्याच्यावर ढकलायची.

मंदीत घर चालत नाही, म्हणून तो मालकाकडून उचल घेतो. वीस हजार, तीस हजार, बहिणीचे लग्न असेल तर जास्त. उचल फिटेपर्यंत तो सोडून जाऊ शकत नाही, आणि फिटत आली की पुन्हा श्रावण येतो. ऊसतोडीच्या संदर्भात उचल म्हटले की आपल्याला लगेच अन्याय दिसतो. एसी सलूनमध्ये काळा टी-शर्ट घातलेल्या तरुणाच्या संदर्भात तो दिसत नाही, कारण त्याच्या छातीवर ‘सिनिअर’ लिहिलेले असते.

बायकांच्या पार्लरमध्ये चित्र थोडे वेगळे आहे, पण सुखाचे नाही. तिथे मुलगी आधी स्वतः पैसे भरून ‘क्लास’ करते, प्रमाणपत्र घेते आणि मग पुढची तीन-चार वर्षे थ्रेडिंग आणि वॅक्सिंग करते. केस कापायची कात्री मॅडमच्या हातात राहते. मुलगी विचारते, “मला कटिंग कधी शिकवाल?” उत्तर असते, “हात बसू दे.” हात कशावर बसणार? भुवयांवर?

फॉइल गरम का झाले

आता तो प्रसंग सांगतो ज्यामुळे हा विषय माझ्यासाठी पगारापुरता राहिला नाही.

मी जळगावात एका सलूनमध्ये नोकरीला होतो. तिथे एक ‘सिनिअर’ होता, सात वर्षांचा अनुभव, दुकानात सर्वात जास्त बिल त्याचे. हात खरोखर चांगला. फेड करावा तर त्यानेच: बाजूला एक नंबर, म्हणजे तीन मिलिमीटर, वर दोन नंबर, म्हणजे सहा, आणि मधली रेघ अशी पुसून काढायचा की कुठे संपले नि कुठे सुरू झाले ते दिसत नसे. त्या बळावर तो सिनिअर झाला होता. एके दिवशी एक शिक्षिका आल्या. मुलीचे लग्न आठवड्यावर आलेले, त्यांना केसांत हायलाइट्स हवे होते. त्याने विचारले, “आधी काही लावता का?” त्या म्हणाल्या, “मेंदी लावते.”

तो मेंदी म्हणजे मेंदी समजला. बाई लावत होत्या ती काळी मेंदी. मेंदीचे पान केस काळे करत नाही, तांबूस करते. पाकिटातल्या पावडरीने केस काळे झाले तर तिच्यात दुसरे काहीतरी आहे: बहुतेक वेळा पीपीडी हा रंग, आणि काही पावडरींत धातूंचे क्षार. हे क्षार केसावर थर धरून बसतात. त्यावर ब्लीच आणि पेरॉक्साइड लावले की धातू पेरॉक्साइडचे विघटन झपाट्याने घडवून आणतो आणि उष्णता तयार होते. दहा मिनिटांत बाई म्हणाल्या, “गरम लागतंय.” तो म्हणाला, “लागतं थोडं.” आणखी पाच मिनिटांनी त्याने फॉइल उघडले तेव्हा ते हाताला चटका देत होते. धुताना बट रबरासारखी ताणली गेली आणि तुटून त्याच्या बोटात आली. अशा सहा बटा.

हे टाळायला यंत्र लागत नाही. गिऱ्हाइकाच्या मानेजवळचे चार केस कापायचे. काचेच्या वाटीत वीस व्हॉल्यूमचे, म्हणजे सहा टक्क्यांचे पेरॉक्साइड घ्यायचे, त्यात थोडा अमोनिया टाकायचा, केस त्यात बुडवायचे आणि अर्धा तास थांबायचे. बुडबुडे आले, वाटी कोमट झाली, केसाचा रंग झरझर बदलला किंवा केस तुटला, तर हात जोडून सांगायचे, “ताई, यावर काही करता येणार नाही, हे केस वाढून कापले जाईपर्यंत थांबा.” अर्धा तास आणि चार केस. सात वर्षांच्या सिनिअरला ही चाचणी माहीत नव्हती, कारण ती त्याला कोणी दाखवलीच नव्हती. कंपनीचा माणूस रंगाचे प्रशिक्षण द्यायला यायचा तेव्हा मालक बसायचा आणि कारागीर गिऱ्हाईक सांभाळायचे. कलरचे काम त्याच्याकडे आले ते त्याचे बिल जास्त होते म्हणून.

बाईंचे पैसे परत केले, त्यांचे केस खांद्याच्या वर कापावे लागले. आणि ते पैसे त्या सिनिअरच्या उचलीत टाकले गेले. म्हणजे पद मालकाने दिले, काम मालकाने दिले, शिक्षण कोणीच दिले नाही, आणि दंड कारागिराने भरला. त्या दिवशी मीही गप्प बसलो होतो. ते माझ्या खात्यावर राहू द्या.

या प्रसंगातून मला जे दिसले ते असे की बिल आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल सांगते की कारागीर लोकांना आवडतो, पटापट काम करतो, गोड बोलतो. त्याला काय येत नाही हे बिल कधीच सांगत नाही. वर्षेही सांगत नाहीत. सात वर्षे फेड केला तर फेडची सात वर्षे होतात, कलरचा एकही दिवस होत नाही.

चार पायऱ्या

माझ्या दुकानात आज जे लावले आहे ते सांगतो. त्यात चुका आहेत, पण ते भिंतीवर आहे, आतल्या खोलीत नाही.

खालची पायरी हेल्परची. त्याला डोके धुणे, टॉवेल आणि अवजारांची स्वच्छता, प्रत्येक गिऱ्हाइकाला वस्तऱ्याचे नवे पाते आणि पाण्याची पारख यायला हवी. बोअरचे पाणी जड असले की शांपू फेसाळत नाही आणि पोऱ्या तिप्पट शांपू ओततो, हे मी रोज पाहतो. ही पायरी एक वर्षाची. त्याहून जास्त काळ कोणी हेल्पर राहिला तर दोष माझा धरायचा, असे खाली लिहिले आहे.

दुसरी ज्युनिअरची. साधा पुरुषी कट मशिनने आणि कात्री-कंगव्याने, दाढी, बाईंच्या केसांचा एका रेषेतला सरळ कट, ब्लो ड्राय आणि पांढरे केस झाकायचा रंग. रंगाआधी अठ्ठेचाळीस तास कानामागे थेंब लावून पाहायची चाचणी यायलाच हवी, कारण पीपीडीची ॲलर्जी चेहरा सुजवते. परीक्षेला तीन डोकी असतात: एक जाड सरळ केसांचे, एक कुरळे, एक विरळ. कोणाचे ते ज्युनिअरला आधी सांगत नाही. आपल्याला जमणारे डोके निवडून कापणे ही परीक्षा नव्हे.

तिसरी सिनिअरची. फेड, लेअर, नवरीची केशरचना, स्मूदनिंग, हायलाइट्स. पण इथे मी सर्वात जास्त गुण हाताला देत नाही, नकाराला देतो. परीक्षेला मी मुद्दाम एक असे गिऱ्हाईक बसवतो ज्याचे काम करू नये: काळी मेंदी लावलेले, किंवा महिन्यापूर्वीच स्मूदनिंग झालेले. जो विचारतो, चार केस कापून वाटीत टाकतो आणि ‘नाही’ म्हणतो तो पास. जो लगेच ब्लीच कालवायला घेतो तो कितीही सुंदर फेड करत असला तरी नापास. फक्त त्याला पुढे कालवू देत नाही.

चौथी हेडची. हेड म्हणजे दुकानातली सर्वात महाग कात्री असा आपल्याकडे समज आहे. माझ्याकडे हेडचे अर्धे काम शिकवणे आहे. सोमवारी दुकान गिऱ्हाइकांना बंद असते, तेव्हा दोन तास शिकवायचे आणि त्या दोन तासांचा पगार त्याला आणि शिकणाऱ्यालाही मिळतो. ज्याच्या हाताखालचा एकही ज्युनिअर सिनिअर झाला नाही त्याला हेड म्हणायचे नाही, मग त्याच्याकडे आमदार केस कापायला येवोत.

आणि यातली सर्वात महत्त्वाची अट: परीक्षा मी घेत नाही. माझ्या कारागिराची परीक्षा धुळ्याचा एक हेड घेतो आणि त्याच्या दुकानातल्यांची मी. सकाळची एसटी पकडली की पारोळा ओलांडून दोन-अडीच तासांत माणूस पोहोचतो. मालकाने स्वतःच्या नोकराची परीक्षा घेतली तर पास करायला पगार वाढवावा लागतो, म्हणून तो नापास करतो. किंवा पगार न वाढवता खूश ठेवायचे म्हणून पास करतो आणि कार्ड छापतो. बाहेरच्या माणसाला या दोन्हींचे काही देणेघेणे नसते. पास झाला की एका कागदावर कोणती कामे पाहिली, कोणत्या तारखेला, कोणी, हे लिहून सही होते. तो कागद कारागिराचा. तो सोडून गेला तर कागद घेऊन जातो.

पैसा कुठून येतो

आता मालक मंडळी विचारतील तो प्रश्न. हिशेब गोल आकड्यांत मांडतो, म्हणजे कोणालाही आपल्या वहीशी ताडून पाहता येईल.

समजा एका सिनिअरचे बिल वर्षातले सहा महिने ४५,००० आहे, लगीनसराई-दिवाळीचे तीन महिने ६५,००० आणि मंदीचे तीन महिने २५,०००. चाळीस टक्क्यांनी त्याला साध्या महिन्यात १८,००० मिळतात, तेजीत २६,००० आणि मंदीत १०,०००. वर्षाचे २,१६,०००. आता त्याच माणसाला सिनिअरच्या पायरीचे ठरलेले १५,००० आणि वर बिलाचे दहा टक्के दिले, तर साध्या महिन्यात १९,५००, तेजीत २१,५०० आणि मंदीत १७,५०० होतात. वर्षाचे २,३४,०००. मालकाला वर्षाला १८,००० जास्त पडले.

हे १८,००० काढायला पायऱ्यांप्रमाणे दर लावावे लागतात. ज्युनिअरचा कट जुन्याच दरात, सिनिअरचा वीस रुपये जास्त. महिन्याला सिनिअरने १२० कट केले तर २,४०० वाढले, त्यातले दहा टक्के त्याचे, उरले २,१६०. वर्षाचे जवळपास २६,०००. तिसरा हिस्सा गिऱ्हाईक वीस रुपयांसाठी ज्युनिअरकडे सरकले तरी सतरा हजारांच्या वर उरतात, म्हणजे जवळजवळ तोंडमिळवणी. आणि ते गिऱ्हाईक दुकानाबाहेर जात नाही, ज्युनिअरच्या खुर्चीत बसते. त्याचाही हात त्यानेच तयार होतो.

यात दोन अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली मालकाची. मंदीच्या महिन्यात त्याला प्रत्येक सिनिअरमागे साडेसात हजार जास्त द्यावे लागतात, आणि नेमके तेव्हाच गल्ला रिकामा असतो. म्हणून तेजीत वाचणारे साडेचार हजार खर्च न करता वेगळे ठेवावे लागतात. मी पहिल्या वर्षी ते ठेवले नाहीत आणि श्रावणात पत्नीची सोन्याची बांगडी गहाण ठेवून पगार केले. दुसरी अडचण कारागिराची. मे महिन्यात तो म्हणतो, “भाऊ, जुन्या हिशेबाने मला सव्वीस मिळाले असते.” बरोबर आहे. सर्वात तेज हाताचा माणूस या पद्धतीला सर्वात आधी विरोध करतो. त्याला मी ऑगस्टचे पाकीट दाखवतो. तरी एकजण सोडून गेलाच. पद्धत सर्वांना आवडेल असा माझा दावा नाही. ती उघड आहे, एवढाच आहे.

“शिकाडं का पोऱ्या पयी जास”

हे वाक्य मी धुळ्याच्या पाच कंदिलापासून जळगावच्या नवी पेठेपर्यंत ऐकले आहे. शिकवला की पोऱ्या पळून जातो, म्हणून शिकवू नका. माझे वडीलही तेच म्हणत.

पण पळतो कोण ते पाहा. सुरतेला गेलेल्या माझ्या पोऱ्याला मी फोन करून विचारले होते, तिथे असे काय आहे? तो म्हणाला, “काका, तिथं पण मी इतकाच कमावतो, पण पुढच्या वर्षी किती मिळतील ते ठाऊक आहे.” तो शिकवल्यामुळे गेला नव्हता. माझ्याकडे वरची पायरी दिसत नव्हती म्हणून गेला होता. न शिकवलेला कारागीर राहतो खरा, पण तो जाण्यालायक नसतो म्हणून राहतो. अशा माणसांनी दुकान भरायचे आणि मग गिऱ्हाईक नाशिक-पुण्याला जाऊन केस कापून येते म्हणून कपाळाला हात लावायचा, याला काय म्हणावे?

दुसरा आक्षेप समाजातल्या वडीलधाऱ्यांचा असतो. आपली पिढीजात कला, तिची परीक्षा कसली? हात आईच्या पोटातूनच तयार होऊन येतो. मला हा आक्षेप जास्त बोचतो, कारण त्यामागे अभिमान आहे. पण बलुतेदारीत नाभिकाला वर्षाकाठी धान्य मिळायचे तेही असेच, सर्वांना हात सारखाच समजून. हाताची वेगळी किंमत त्या व्यवस्थेत नव्हती, घराण्याची होती. आज टक्केवारीने सर्वांना एकाच मापाने मोजणे हे त्याच बलुत्याचे नवे रूप आहे. आणि आपल्या हाताचे नियम आपणच ठरवायचे, ही गोष्ट समाजाला नवी नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे जाहीर केले होते. कोणते काम करायचे नाही, हे कारागिरांनी मिळून ठरवले होते. मी काळ्या मेंदीवर ब्लीच करू नये एवढेच मिळून ठरवा म्हणतो आहे.

जर्मनीत केशकर्तनाचे दुकान चालवायचे तर आजही मास्टरची परीक्षा पास झालेला माणूस दुकानात लागतो. त्याआधी तीन वर्षांची उमेदवारी आणि कारागिराची वेगळी परीक्षा असते. मला ते जसेच्या तसे नको आहे. आपल्याकडे परवान्याचा असा कायदा आला तर पहिल्याच दिवशी त्याचा दलाल उभा राहील आणि टपरीवर वस्तरा चालवणारा गरीब माणूस बाद होईल. माझी पायरी दुकान उघडायला आडवी येत नाही. ती फक्त ‘सिनिअर’ हा शब्द फुकट वापरू देत नाही.

सरकार कुठे आहे

सरकारकडे पायऱ्या आहेत, फक्त त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. कौशल्य विभागाच्या चौकटीत सहायक हेअर स्टायलिस्ट तिसऱ्या स्तरावर आणि हेअर स्टायलिस्ट चौथ्या स्तरावर धरला आहे. राज्याच्या किमान वेतनाच्या यादीत केशकर्तनालय हा रोजगार आहे आणि तिथे कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारीही आहे. पण तिसऱ्या स्तराचे प्रमाणपत्र मिळाले की माणूस अर्धकुशल झाला का, आणि चौथ्याने कुशल झाला का, हे दुकानात कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला वेतनाचा दर माहीत नाही, आणि दर ठरवणाऱ्याला त्याचा हात माहीत नाही. त्यात राज्याचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आला तोच दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे ठेवून. खान्देशातली दहा कारागिरांची सलून बोटांवर मोजता येतील.

१७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत नाभिक आहे. पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, पुढे पाच टक्के व्याजाने कर्ज. योजना वाईट नाही. पण ती स्वयंरोजगार करणाऱ्यासाठी आहे. म्हणजे सरकारच्या डोळ्यांसमोरचा नाभिक नेहमी स्वतःच्या दुकानाचा मालक असतो. दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभा राहून वीस वर्षे काढणारा त्या चित्रात नाही. त्याला वर चढायचा एकच रस्ता ठेवला आहे, कर्ज काढून शेजारच्या गल्लीत आणखी एक दुकान टाकणे. एका रस्त्यावर सात सलून झाली, प्रत्येकात एक मालक आणि एक हेल्पर, आणि सातही जण पन्नास रुपयांत कट करू लागले, की मग स्पर्धा फार वाढली म्हणून आपणच रडतो.

माझी मागणी सरकारकडे नंतर, आधी आपल्याकडे आहे. जळगाव आणि धुळ्यातल्या मालकांनी पायऱ्यांचा एक कागद मिळून ठरवावा, एकमेकांच्या कारागिरांची परीक्षा घ्यावी, प्रत्येक पायरीचा ठरलेला पगार दाराशी लावावा आणि खालच्या पायरीचा पगार किमान वेतनाखाली जाऊ देऊ नये. पार्लरच्या मॅडमनीही यात यावे. थ्रेडिंग करणाऱ्या मुलीला कात्री कधी मिळणार, याची तारीख तिला कळली पाहिजे. आणि कारागिराच्या चुकीचा दंड लावण्याआधी मालकाने आपल्याच कागदावर पाहावे, ते काम त्याला शिकवल्याची सही आहे का? नसेल तर दंड मालकाचा.

तो चार कार्डांचा माणूस सध्या माझ्याकडे आहे. आला तेव्हा म्हणाला, “मी हेड आहे.” मी म्हटले, कागद बघू. कागद नव्हता. धुळ्याच्या परीक्षकाने त्याला सिनिअरच्या परीक्षेला बसवले आणि तो नापास झाला, वाटीच्या चाचणीत. फार चिडला. दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, दुकान बंद असताना आला आणि माझ्या हेडला म्हणाला, “ती वाटी काढ. नऊ वर्षांत कोणी दाखवली नाही मला.” पुढच्या महिन्यात त्याची परीक्षा आहे. तोवर मी त्याचे कार्ड छापलेले नाही.